ताई, आवाज येत नाहीये!

पुण्यातल्या कथकच्या शिक्षिका आणि नाशिक, दुबई, न्यू जर्सी अशा ठिकठिकाणी बसलेल्या त्यांच्या विद्यार्थिनी, असा झूमवरचा वर्ग आता कुणाला नवलाचा वाटत नाही. समजा, आज ताईंनी एका जुन्या कार्यक्रमाची तीन मिनिटांची चित्रफीत निवडली आहे. द्रुत तीनतालातलं तत्कार, शेवटी चक्करांची माळ आणि सम. ताई स्क्रीन शेअर करतात, क्लिप सुरू करतात. त्यांच्या लॅपटॉपवर ती सुरेख चालते. पलीकडे मात्र नर्तकी एका जागेवरून अदृश्य होऊन दुसऱ्या जागी उगवते, चक्करात तिची नुसती पाठ दोनदा दिसते, आणि घुंगरांचा पत्ताच नसतो. "ताई, आवाज येत नाहीये," असं कुणीतरी म्हणतं. ताई लॅपटॉपचा आवाज वाढवतात. काही फरक पडत नाही. मग सगळे मिळून इंटरनेटला नावं ठेवतात.

इंटरनेट पुष्कळदा निर्दोष असतं. चित्र अडखळण्याचं कारण एक आणि आवाज न जाण्याचं कारण दुसरंच असतं. दोन्ही कारणं मीटिंगच्या सॉफ्टवेअरच्या रचनेतच आहेत आणि दोन्हींवरचे उपाय शेअर करण्याच्या खिडकीत खाली कोपऱ्यात, सहसा कुणी पाहत नाही अशा जागी, बसलेले असतात.

आधी चित्राचं पाहू. व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं, म्हणजे फ्रेम. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत सेकंदाला साधारण 30 फ्रेम असतात, सिनेमात 24. या चोविसाच्या आकड्यामागे आवाजच आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग थोडा मागेपुढे झाला तरी चालून जाई. 1920च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, ध्वनी फिल्मच्या पट्टीवरच उमटू लागला. आता वेग हलला की गाणाऱ्याचा सूरही हलणार, म्हणून फिल्मचा वेग सेकंदाला 24 फ्रेमवर पक्का झाला.

आता मीटिंगमध्ये काय होतं? फुल एचडी पडद्यावर सुमारे 20 लाख 70 हजार ठिपके असतात. सेकंदाला 30 फ्रेम या हिशेबाने ते सगळे जसेच्या तसे पाठवायचे म्हटले तर सेकंदाला जवळजवळ दीड गिगाबिट एवढा ऐवज होतो. घरच्या जोडणीवरून तो बाहेर पाठवायचा तर शेकडो पटींनी दाबावा लागतो. दाबताना काहीतरी सोडावंच लागतं. एक तर प्रत्येक फ्रेममधला रेखीवपणा सोडायचा, नाही तर फ्रेमची संख्या कमी करायची.

स्क्रीन शेअरिंग मुळात कार्यालयांसाठी घडलं. तिथे पडद्यावर असतो हिशेबाचा तक्ता किंवा सादरीकरणाची स्लाइड. स्लाइड मिनिट-मिनिट हलत नाही, पण तिच्यातलं बारीक अक्षर वाचता आलंच पाहिजे. म्हणून सॉफ्टवेअर गृहीत धरतं की दाखवणारा फळ्यावरचं लिखाण दाखवतोय. ते अक्षर जपतं आणि फ्रेम गाळतं. अपेक्षा किती माफक असते ते झूमच्याच मार्गदर्शक आकड्यांवरून कळतं. नुसती स्क्रीन दाखवायला सेकंदाला 50 ते 75 किलोबिट पुरतात, असं कंपनी सांगते. दोघांतल्या कॉलमध्ये कॅमेऱ्याचं 720 रेषांचं चित्र जायला मात्र 1.2 मेगाबिट लागतात. म्हणजे कमीत कमी सोळापट. हलणारं चित्र स्लाइडच्या वाटेवर सोडलं तर ते अडखळणारच.

ताईंच्या क्लिपला हा हिशेब लावून पाहू. लय मिनिटाला 240 मात्रांची आहे, म्हणजे सेकंदाला चार. तत्कार दुगुनीत चाललं आहे, म्हणजे सेकंदाला आठ पदाघात. पलीकडे सेकंदाला पाचच फ्रेम पोचल्या, तर आठ पदाघातांपैकी निदान तीन चित्रात येऊच शकत नाहीत. आणि जे येतात तेही पाय जमिनीवर आपटतानाच पकडले जातील असं नाही. विद्यार्थिनीला उजवा-डावा क्रम कळणार कुठून? हीच क्लिप 30 फ्रेमने गेली तर प्रत्येक पदाघाताच्या वाट्याला साडेतीन-चार फ्रेम येतात. पाय उचलला, खाली आला, टेकला, एवढं दिसतं. चक्कराचंही तेच. नर्तकी सेकंदात एक चक्कर घेत असेल, तर पाच फ्रेममध्ये तिची पाच तोंडं दिसतात, फिरणं दिसत नाही.

आवाजाची गोष्ट याहून मजेशीर आहे.

मीटिंगचं सॉफ्टवेअर एरवी एकच आवाज पाठवतं, मायक्रोफोनमधून आलेला. क्लिपचा आवाज लॅपटॉपच्या आतून निघून थेट स्पीकरकडे जातो. तो बाहेर कुणाला द्यायचा आहे, हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलंच नसतं. ताईंनी कानात हेडफोन घातले असतील तर आवाज खोलीत येतच नाही, आणि माइकला काही म्हणता काही मिळत नाही. हेडफोन नसतील तर स्पीकरचा आवाज खोलीतून फिरून माइकपर्यंत येतो. पण तिथे दोन पहारेकरी बसलेले असतात. पहिला प्रतिध्वनी मारणारा. त्याचं कामच असं की जो आवाज या लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडला, तो माइकमधून परत आला की पुसून टाकायचा. तो नसता तर प्रत्येक मीटिंगमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू आला असता. दुसरा गोंगाट दाबणारा. त्याला माणसाचं बोलणं तेवढं हवं असतं. पंख्याची घरघर जशी एकसारखी, तसा तानपुराही एकसारखा. म्हणून तानपुरा त्याच्या तावडीत सापडतो. लेहऱ्याची हार्मोनियम मधूनच बुडते, घुंगरं खरखरीत रूपांतर होऊन पोचतात किंवा पोचतच नाहीत. ताई आवाज वाढवतात तेव्हा हे दोघं आणखी नेटाने काम करतात, एवढंच.

अनेक संगीत-नृत्य शिक्षकांना झूममधली Original sound for musicians ही सोय माहीत असते आणि ते इथेही तीच चालू करतात. ती चांगली सोय आहे, पण माइकसाठी. ताई स्वतः पढंत करत असतील किंवा समोर तबलजी बसले असतील तर ती हवीच. क्लिपचा आवाज माइकच्या वाटेने पाठवणं हाच मुळात आडमार्ग आहे. सरळ मार्ग म्हणजे लॅपटॉपच्या आतला आवाज आतूनच मीटिंगमध्ये देणं. त्या वाटेवर हे पहारेकरी नसतात.

झूमच्या संगणकावरच्या अ‍ॅपमध्ये शेअरचं बटण दाबलं की काय दाखवायचं ते विचारणारी खिडकी उघडते. घाईत माणूस त्यातलं एक चित्र निवडतो आणि पुढे जातो. थांबायचं ते तिथेच. खिडकीच्या तळाशी दोन छोट्या चौकटी असतात, Share sound आणि Optimize for video clip. दोन्हींवर टिक करायची. पहिलीने क्लिपचा आवाज आतल्या वाटेने जातो. तिच्या शेजारच्या बाणावर Mono की Stereo असं निवडता येतं. संगीतासाठी Stereo घ्यावं. दुसरी चौकट सॉफ्टवेअरला सांगते की आता अक्षरं जपू नकोस, हालचाल जप. शेअर सुरू झाल्यावर विसरलेलं आठवलं, तर वरच्या पट्टीतल्या More या मेनूमध्ये याच दोन सोयी पुन्हा सापडतात. शेअर बंद करून नव्याने सुरू करायची गरज नाही.

क्लिप लॅपटॉपवर फाइल म्हणून ठेवलेली असेल तर आणखी सोपी वाट आहे. त्याच खिडकीतल्या Advanced टॅबमध्ये Video असा पर्याय असतो. तिथून एमपी4 किंवा एमओव्ही फाइल थेट उघडता येते आणि झूमचाच प्लेअर ती चालवतो. ही वाट जास्त भरवशाची. कारण मध्ये ब्राउझर नाही, चुकून दिसणारी दुसरी खिडकी नाही, जाहिरात नाही.

यूट्यूबवरून क्लिप लावण्यात एक छुपा खर्च आहे. व्हिडिओ आधी घरात उतरतो आणि त्याच क्षणी मीटिंगसाठी घराबाहेर जातो. जोडणी बेताची असेल तर दोन्ही कामं एकमेकांच्या पायात येतात. त्यात वेगाची चाचणी करणारे बहुतेक लोक डाउनलोडचा आकडा पाहून खूश होतात. इथे महत्त्वाचा असतो अपलोडचा आकडा, आणि अनेक जोडण्यांवर, मोबाइल डेटावर तर विशेषच, तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. ताईंची स्वतःची किंवा परवानगी घेतलेली क्लिप असेल तर ती आधीच लॅपटॉपवर ठेवणं उत्तम. क्लिप चालू असताना स्वतःचा कॅमेरा बंद केला तर तेवढी जागाही क्लिपला मिळते. तसंही त्या तीन मिनिटांत ताईंकडे कुणी पाहत नसतं.

माइकचं काय करायचं, याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. माइक बंद केला की क्लिपचाही आवाज बंद होईल, अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही, कारण दोन्हींच्या वाटा वेगळ्या. उलट Share sound चालू असताना माइक बंदच ठेवावा. नाही तर खोलीतल्या स्पीकरचा आवाज माइकवाटे पुन्हा शिरण्याचा धोका राहतो. क्लिप चालू असताना मध्येच बोलायचं असेल, "इथे डावा पाय बघा" असं सांगायचं असेल, तर हेडफोन घालून माइक उघडावा. प्लेअरवरची आवाजाची पट्टीही आधी पाहून घ्यावी. ती खाली असेल तर पलीकडेही आवाज हळूच जाणार. शिवाय Share sound म्हणजे लॅपटॉपमधला सगळा आवाज. समेवर येताना व्हॉट्सअ‍ॅपची टुंग वाजली तर तीही न्यू जर्सीपर्यंत जाते. वर्गाआधी सूचना बंद केलेल्या बऱ्या.

मॅक वापरणाऱ्यांची एक वेगळी अडचण असते. आवाज आतून घेण्यासाठी झूम पहिल्या वेळी एक जोड बसवायला सांगू शकतं आणि त्यासाठी संगणकाचा पासवर्ड मागतं. स्क्रीन दाखवण्याची परवानगीही मॅकच्या सेटिंगमध्ये, खासगीपणाच्या विभागात जाऊन द्यावी लागते आणि त्यानंतर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. मुली वाट पाहत असताना हे करणं फार जिकिरीचं. आदल्या दिवशीच उरकावं.

सगळं नीट चाललंय हे दाखवणाऱ्याला कळणार कसं? त्याच्या पडद्यावर तर क्लिप नेहमीच छान दिसते, कारण तो मूळ क्लिप पाहत असतो, मीटिंगमधली नव्हे. खात्रीचा उपाय म्हणजे दुसरं उपकरण. ताईंनी आपल्याच मोबाइलवरून, घरचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर त्याच मीटिंगमध्ये शिरायचं. माइक बंद, कानात इयरफोन. मग लॅपटॉपवर क्लिप लावायची आणि मोबाइलवर पाहायची. वायफाय बंद करण्याचं कारण असं की दोन्ही उपकरणं एकाच राउटरवर असली तर चाचणी खरी होत नाही. तपासायलाही अवघड काही नको. कुणी टाळ्या वाजवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. तळवे एकत्र येताना दिसले आणि त्याच क्षणी टाळी ऐकू आली, तर चित्र आणि आवाज जुळलेले आहेत.

आकड्यांत पाहायचं असेल तर झूमच्या Settings मध्ये Statistics नावाचा भाग आहे. त्यातल्या Screen Sharing या टॅबवर शेअर चालू असताना चित्राचा आकार आणि सेकंदाला जाणाऱ्या फ्रेम दिसतात. क्लिप चालू असताना फ्रेमचा आकडा विशीच्या पुढे असेल तर ताईंच्या बाजूने सगळं ठीक. तो एकेरी असेल तर एक तर टिक राहिली आहे, किंवा लॅपटॉप दमला आहे, किंवा अपलोड तोकडं पडतंय. चौथीही एक शक्यता आहे. Share Screen च्या सेटिंगमध्ये, Advanced या भागात, फ्रेमच्या संख्येला मर्यादा घालणारी एक चौकट असते. कधीकाळी जोडणी मंद होती म्हणून कुणीतरी ती चालू केलेली असते आणि सगळे विसरून गेलेले असतात. ती काढून टाकली की प्रश्न मिटतो.

आणि ताईंकडचे आकडे चांगले असून एकट्या दुबईच्या मुलीलाच क्लिप अडखळत दिसत असेल, तर दोष तिच्या जोडणीचा किंवा तिच्या मोबाइलचा. सगळ्यांनाच अडखळत असेल तर ताईंकडे पाहावं. तक्रार एकीची आहे की सगळ्यांची, हा पहिला प्रश्न विचारला तर निम्मा वेळ वाचतो.

गूगल मीटमध्ये रचना वेगळी आहे. तिथे क्लिप ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडायची आणि शेअर करताना पूर्ण पडदा किंवा खिडकी न निवडता तोच टॅब निवडायचा. क्रोममध्ये त्यासोबत Also share tab audio अशी कळ दिसते. ती चालू हवी. याचा एक फायदा असा की फक्त त्या टॅबचा आवाज जातो, व्हॉट्सअ‍ॅपची टुंग घरातच राहते. खिडकी निवडून क्लिप दाखवणाऱ्यांचा आवाज जात नाही, ही मीटवरची सर्वांत नेहमीची चूक. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये शेअर करण्याच्या खिडकीतच Include sound अशी कळ असते, आणि शेअर सुरू झाल्यावर वरच्या पट्टीत Optimize हा पर्याय मिळतो. तिथे व्हिडिओ निवडावा.

एका बाबतीत कुठलीही टिक कामाला येत नाही. नेटफ्लिक्ससारख्या ओटीटीवरचा सिनेमा शेअर करायला गेलं की पलीकडे पुष्कळदा नुसता काळा चौकोन दिसतो, कधी आवाज मात्र जातो. तो बिघाड नाही. नक्कल होऊ नये म्हणून त्या सेवांनी चित्राला कुलूप घातलेलं असतं, आणि मीटिंगमध्ये दाखवणं त्या कुलपाच्या लेखी नक्कलच.

या साऱ्या खटाटोपालाही मर्यादा आहेत, आणि नृत्याच्या वर्गात त्या लवकर जाणवतात. सर्व टिका बरोबर असल्या तरी पुण्याहून निघालेली फ्रेम न्यू जर्सीत क्षणभर उशिराने पोचते, दुबईत वेगळ्या उशिराने. म्हणून क्लिपबरोबर सगळ्यांनी एकदम पाय टाकावेत आणि ताईंनी ते तपासावेत, हे जमणार नाही. प्रत्येक मुलगी आपल्यापुरती तालात असली तरी ताईंना सगळ्या बेताल दिसतील. क्लिप थांबवून विचारतानाही दोन सेकंद जाऊ द्यावेत, तोवर सगळ्यांकडे ती थांबते. आणि चौगुनीतलं तत्कार, जिथे सेकंदाला सोळा पदाघात पडतात, ते मीटिंगमधून शिकवण्याच्या फंदात पडू नये. तीस फ्रेममध्ये प्रत्येक पदाघाताला जेमतेम दोन फ्रेम येतात, त्यात दाबलेल्या चित्रात पाय पुसट होतो. अशी क्लिप आदल्या दिवशी फाइल म्हणून पाठवावी, मुलींनी ती आपापल्या मोबाइलवर अर्ध्या वेगाने पाहावी, आणि वर्गात तिच्यावर बोलणं व्हावं. मीटिंगमधली क्लिप एकत्र पाहण्यासाठी चांगली, बारकाईने अभ्यासण्यासाठी मूळ फाइलच हवी.

क्लिप संपल्यावरही एक काम उरतं, आणि तेच सर्वांत जास्त विसरलं जातं. Optimize for video clip ची टिक तशीच राहिली आणि ताईंनी लगेच बोलांची लिखित पानं दाखवायला घेतली, तर अक्षरं धुरकट दिसतात. सॉफ्टवेअर अजून हालचालच जपत असतं आणि पानात हलणारं काहीच नसतं. झूम स्वतःच सांगतं की व्हिडिओ नसताना हा पर्याय वापरू नका. तेव्हा क्लिप थांबली की More मध्ये जाऊन ती टिक काढा, आणि मगच पान उघडा.